मोटार काढली तरी तापणारा एच-ब्रिज: एका रोबोच्या शूट-थ्रूचे प्रकरण

अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षातील दोन विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी बनवलेला चारचाकी रोबो माझ्याकडे तपासणीसाठी आणला, तेव्हा त्याच्या मोटार ड्रायव्हरच्या पाटीवर दोन मॉस्फेट फुटलेले होते आणि तिसऱ्याखालची तांब्याची पट्टी उखडलेली होती. रोबोचे वजन सुमारे तीन किलो, डाव्या व उजव्या बाजूला प्रत्येकी एक १२ व्होल्टची गिअर मोटार, तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि नियंत्रणासाठी अर्डुइनो उनो अशी एकंदर रचना होती. दोघांचे म्हणणे असे होते की रोबो आठवडाभर बरा चालला, मॉस्फेट थोडे गरम व्हायचे एवढेच. पण मोटारीतून येणारी कर्कश शिट्टी घालवण्यासाठी वेग ठरवणाऱ्या चालू-बंद स्पंदांची, म्हणजे पीडब्ल्यूएमची, वारंवारता वाढवली आणि चालू केल्यावर काही क्षणांतच धूर निघाला. दोष मोटारीतल्या साठलेल्या प्रवाहाला वाट देणाऱ्या फ्लायबॅक डायोडचा असावा असा त्यांचा पक्का समज झाला होता. पाटीवर प्रत्येक मॉस्फेटला समांतर १एन४००७ डायोड लावलेला होता. तो संथ असतो असे वाचून त्यांनी यूएफ४००७ हे वेगवान डायोड आणून लावले होते, आणि तरीही नवे मॉस्फेट गेले होते.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण हेच आहे. एच-ब्रिज म्हणजे मोटार दोन्ही दिशांना फिरवणारी चार मॉस्फेटची जोडणी, आणि ती जळण्यामागे दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. पहिल्यात एकाच बाजूचे वरचे आणि खालचे मॉस्फेट क्षणभर एकत्र चालू राहतात आणि बॅटरी थेट शॉर्ट होते. यालाच शूट-थ्रू म्हणतात. दुसऱ्यात मोटारीच्या गुंडाळीत साठलेल्या प्रवाहाला वाट मिळत नाही आणि व्होल्टेज उसळते. जळालेला मॉस्फेट पाहून यांतले कोणते कारण होते हे ओळखता येत नाही, कारण दोन्ही प्रसंगी तो सारखाच शॉर्ट होऊन बसतो. पण ही दोन कारणे एकमेकांपासून वेगळी काढण्याची एक सोपी चाचणी आहे, आणि या प्रकरणाचा उलगडा तिच्यामुळेच झाला.

आधी त्यांचे सर्किट पाहू. ब्रिजच्या प्रत्येक बाजूला वर आयआरएफ९५४० हा पी-चॅनेल आणि खाली आयआरएफझेड४४एन हा एन-चॅनेल मॉस्फेट होता. दोघांचे गेट एकमेकांना थेट जोडलेले होते, त्या सामाईक बिंदूपासून १० किलोओहमचा रोध १२ व्होल्टकडे जात होता, आणि तोच बिंदू बीसी५४७ ट्रान्झिस्टर जमिनीकडे ओढत होता. अर्डुइनोची पिन हाय झाली की बीसी५४७ चालू होतो, गेट शून्यावर येतात, वरचा मॉस्फेट चालू होतो आणि खालचा बंद होतो. पिन लो झाली की १० किलोओहमचा रोध गेटना हळूहळू १२ व्होल्टपर्यंत वर नेतो, आणि उलट स्थिती येते. प्रत्येक मोटारीच्या एका बाजूला पीडब्ल्यूएम दिलेले होते, तर दुसरी बाजू दिशेसाठी स्थिर ठेवलेली होती. भाग कमी लागतात आणि एका बाजूला एकच पिन पुरते, म्हणून हे सर्किट हौशी लोकांत फार पसरलेले आहे.

वरवर पाहता यात दोन्ही मॉस्फेट एकाच वेळी चालू होणे अशक्य वाटते, कारण गेट एकच आहे आणि ते एक तर वर असेल किंवा खाली. अडचण मधल्या प्रवासात आहे. या दोन्ही मॉस्फेटचे थ्रेशोल्ड व्होल्टेज, म्हणजे ज्या गेट-व्होल्टेजला ते वाहू लागतात ते, २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान असते. सामाईक गेट ४ व्होल्टच्या वर गेले की खालचा मॉस्फेट निश्चितपणे वाहू लागलेला असतो. वरचा मात्र गेट ८ व्होल्टच्या वर जाईपर्यंत बंद झाला असे म्हणता येत नाही, कारण तोपर्यंत त्याच्या सोर्स व गेटमध्ये ४ व्होल्टहून अधिक फरक उरलेला असतो. म्हणजे ४ ते ८ व्होल्टच्या पट्ट्यात दोघेही उघडे असतात आणि १२ व्होल्टची बॅटरी दोघांमधून थेट जमिनीला जोडली जाते. याच सर्किटला ५ किंवा ६ व्होल्ट पुरवठा दिला, तर दोन थ्रेशोल्डची बेरीज बहुधा पुरवठ्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरते आणि हा पट्टा जवळजवळ उरतच नाही. लहान खेळण्यांच्या मोटारींवर हे सर्किट बिनतक्रार चालते ते यामुळेच, आणि तेच जसेच्या तसे १२ व्होल्टवर नेले की गोत्यात आणते.

आता प्रश्न असा की त्या पट्ट्यातून जायला गेटला किती वेळ लागतो. दोन्ही मॉस्फेटची इनपुट कपॅसिटन्स मिळून साधारण २.९ नॅनोफॅरड होते. तिला १० किलोओहमने गुणले की २९ मायक्रोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट मिळतो, आणि ४ वरून ८ व्होल्टवर जायला २० मायक्रोसेकंद लागतात. पण एवढ्यावर भागत नाही. याच पट्ट्यात ब्रिजचे आउटपुट १२ व्होल्टवरून शून्यावर उतरते, आणि ते उतरत असताना गेट-ड्रेनमधली कपॅसिटन्स गेटला मिळणारा चार्ज गिळत राहते. यालाच मिलर पठार म्हणतात. दोन्ही मॉस्फेटचा हा गेट-ड्रेन चार्ज डेटाशीटप्रमाणे जास्तीत जास्त २९ आणि २३, म्हणजे एकूण ५२ नॅनोकूलोम आहे. गेट ६ व्होल्टवर असताना १० किलोओहममधून ०.६ मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळतो, आणि एवढ्या तुटपुंज्या प्रवाहाने ५२ नॅनोकूलोम भरायला ८० मायक्रोसेकंदांहून अधिक वेळ जातो. हे कमाल आकडे आहेत हे लक्षात घेतले, तरी दोन्ही मॉस्फेट एकत्र उघडे राहण्याचा काळ ७० ते १०० मायक्रोसेकंद धरणे योग्य ठरते. मायक्रोकंट्रोलरच्या दृष्टीने हा काळ प्रचंड आहे.

त्या काळात प्रवाह किती वाहतो हे मुख्यतः वरचा मॉस्फेट ठरवतो. गेटवर फक्त ६ व्होल्ट असताना आयआरएफ९५४० पूर्ण उघडलेला नसतो. तो साधारण १० अँपिअरच्या आसपास प्रवाह जाऊ देतो. त्यामुळे बॅटरीतून ५०-६० अँपिअरचा झटका बसत नाही आणि पहिल्याच दिवशी सगळे जळून जात नाही. विद्यार्थ्यांना ‘आठवडाभर बरा चालला’ असे वाटले त्याचे कारण हेच अर्धवट उघडलेपण होते. पण १० अँपिअर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १२० वॅट, आणि ते ८० मायक्रोसेकंद टिकले तर दर वेळी सुमारे १० मिलिज्यूल ऊर्जा दोन मॉस्फेटमध्ये उष्णता होऊन उतरते. अर्डुइनोच्या ९ आणि १० क्रमांकाच्या पिनवर पीडब्ल्यूएमची मूळ वारंवारता ४९० हर्ट्झ असते. म्हणजे सेकंदाला ४९० वेळा १० मिलिज्यूल, अर्थात जवळजवळ ५ वॅट. हीट सिंक नसलेल्या टीओ-२२० आकाराच्या मॉस्फेटचे तापमान दर वॅटमागे सुमारे ६० अंशांनी वाढते. दोघांनी ही उष्णता निम्मी वाटून घेतली तरी बोट टेकवता येणार नाही इतके ते तापतात, आणि मोटारीला वीज पुरवण्याच्या कामाशी या उष्णतेचा काडीचाही संबंध नसतो.

हे गणित कागदावर मांडून दाखवल्यावरही दोघांचा डायोडवरचा संशय गेला नव्हता. “सर, पण मोटार थांबवतानाच धूर आला होता,” असे एकाने सांगितले, आणि त्याचे निरीक्षण टाळण्यासारखे नव्हते. म्हणून फुटलेले मॉस्फेट बदलून, तुटलेली पट्टी तारेने जोडून, तीच पाटी पुन्हा चाचणीला लावली, मात्र दोन बदल करून. पहिला बदल असा की बॅटरी आणि ब्रिज यांच्यामध्ये मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब मालिकेत घातला. ब्रिज पूर्ण शॉर्ट झाला तरी हा बल्ब स्थिर स्थितीत पावणेदोन अँपिअरच्या पुढे प्रवाह जाऊ देत नाही. थंड असताना त्याचा रोध खूप कमी असल्याने पहिला झटका मोठा असतो, पण फिलामेंट तापताच तो सावरतो. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा बदल म्हणजे दोन्ही मोटारी पाटीवरून सोडवून बाजूला ठेवल्या.

मोटार जोडलेली नसेल तर ब्रिजवर इंडक्टिव्ह भार नसतो. साठलेला प्रवाह नाही, म्हणून त्याला वाट करून देण्याचा प्रश्न नाही, म्हणून फ्लायबॅक डायोडला कामच नाही. अशा स्थितीत बॅटरीतून जो काही प्रवाह जाईल तो गेट चार्ज करण्यापुरता असायला हवा, आणि तो मोजता येण्याइतका लहान असतो: आयआरएफझेड४४एनचा एकूण गेट चार्ज ६३ नॅनोकूलोम धरला, तर २० किलोहर्ट्झलासुद्धा एका मॉस्फेटमागे सव्वा मिलिअँपिअर. म्हणून मोटार काढलेल्या ब्रिजचा प्रवाह काही मिलिअँपिअरमध्ये असला तर शूट-थ्रूला वाव नाही. तो शेकड्यांत गेला आणि वारंवारतेच्या प्रमाणात वाढत गेला, तर शूट-थ्रूखेरीज दुसरे कारण संभवत नाही.

एका बाजूला ५० टक्के पीडब्ल्यूएम देऊन मल्टीमीटर लावला, तेव्हा १२२ हर्ट्झला ०.०९ अँपिअर आणि ४९० हर्ट्झला ०.३५ अँपिअर प्रवाह दिसला. वारंवारता चौपट, प्रवाह जवळजवळ चौपट. म्हणजे प्रत्येक चक्रात ठरावीक चार्ज बॅटरीतून थेट जमिनीत ओतला जात होता आणि त्यात मोटारीचा वाटा शून्य होता. डायोड काढून टाकले तरी आकडे बदलले नाहीत. वारंवारता याहून वर नेण्याचा मोह मात्र आवरावा लागतो, कारण बल्बवरच इतके व्होल्टेज पडू लागते की ब्रिजला मिळणारा पुरवठा ७-८ व्होल्टवर उतरतो, दोघे एकत्र उघडे राहण्याचा पट्टा आकसतो, आणि मोजमाप फसवे होते.

मग धूर नेमका का निघाला, याचे उत्तर त्यांच्या प्रोग्रॅममधील या ओळीत होते:

```
TCCR1B = (TCCR1B & 0b11111000) | 0x01;
```

ही ओळ टायमर १ चा प्रीस्केलर काढून टाकते आणि पिन ९ व १० वरील वारंवारता ४९० हर्ट्झवरून ३१.४ किलोहर्ट्झवर नेते. शिट्टी कानाच्या मर्यादेबाहेर जाते हे खरे. पण एक पूर्ण चक्र आता ३२ मायक्रोसेकंदांचे होते, आणि गेटला वर चढायला तर ७० ते १०० मायक्रोसेकंद हवे असतात. गेट प्रत्येक चक्रात अर्ध्या वाटेवरच्या त्या धोक्याच्या पट्ट्यात शिरते आणि पलीकडे पोहोचण्याआधीच बीसी५४७ त्याला पुन्हा खाली खेचतो. चक्राचा फक्त एक तृतीयांश भाग जरी या पट्ट्यात गेला, तरी १२० वॅटचा एक तृतीयांश म्हणजे ४० वॅट सतत. हीट सिंकशिवाय हे काही क्षणांपलीकडे टिकणार नाही. मोटार थांबवताना धूर आला याचाही उलगडा यातून होतो: वेग कमी करताना पिन लो असण्याचा काळ वाढत जातो, गेटला चढायला अधिक वेळ मिळतो, आणि ते धोक्याच्या पट्ट्यात अधिक काळ राहते.

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे १० किलोओहमऐवजी १ किलोओहमचा रोध लावणे. तो करून पाहण्यासारखा आहे, आणि ४९० हर्ट्झवर त्याने खरोखर फरक पडतो. पट्ट्यातला काळ दहापट कमी होतो आणि ५ वॅटचे अर्धा वॅट होतात. पण ३१ किलोहर्ट्झला ८ मायक्रोसेकंद म्हणजे चक्राचा चौथा भाग, अर्थात ३० वॅट. रोध कितीही कमी केला तरी पट्टा अरुंद होतो, नाहीसा होत नाही, कारण गेट एकच असेपर्यंत ‘आधी एक बंद होऊ दे, मग दुसरा चालू कर’ असे सांगण्याची सोयच सर्किटमध्ये नाही. ती सोय म्हणजेच डेड टाइम, आणि तिच्यासाठी दोन गेट वेगळे करावेच लागतात.

नव्या पाटीसाठी आम्ही प्रत्येक बाजूला एक आयआर२१०४ हा हाफ-ब्रिज ड्रायव्हर आणि वर-खाली दोन्हीकडे आयआरएफझेड४४एन असे ठरवले. हा ड्रायव्हर निवडण्याचे मुख्य कारण असे की त्यात डेड टाइम आतच बसवलेला आहे: एक गेट खाली ओढल्यानंतर साधारण ५२० नॅनोसेकंद, आणि कमीत कमी ४००, थांबूनच तो दुसरे गेट वर उचलतो. प्रोग्रॅम चुकला, पिन भलत्या क्षणी बदलली, तरी हा क्रम मोडत नाही. सॉफ्टवेअरने डेड टाइम तयार करता येतो, पण मायक्रोकंट्रोलर रीसेट होताना किंवा प्रोग्रॅम अपलोड होताना पिनवर काय असेल याची हमी नसते, म्हणून स्पर्धेच्या रोबोत मी हार्डवेअरचाच पक्ष घेतो. त्याच कारणासाठी ड्रायव्हरच्या शटडाउन पिनला १० किलोओहमने जमिनीला बांधले, म्हणजे अर्डुइनो पूर्ण जागा होईपर्यंत चारही मॉस्फेट बंद राहतात.

५२० नॅनोसेकंद पुरेसे आहेत का, हे मॉस्फेट बंद व्हायला लागणाऱ्या वेळावरून ठरवायचे असते. आयआर२१०४ गेट खाली ओढताना किमान २७० मिलिअँपिअर घेऊ शकतो. ६३ नॅनोकूलोम एवढ्या प्रवाहाने रिकामे व्हायला २३० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे डेड टाइम कमीत कमी ४०० असला तरी हाताशी अंतर उरते. हे अंतर गेटच्या रोधाने खाल्ले जाऊ शकते, आणि विद्यार्थ्यांच्या पहिल्या आराखड्यात तेच झाले होते. कुठल्याशा सर्किटात पाहून त्यांनी गेटला १०० ओहम दाखवले होते. १०० ओहम आणि १.४७ नॅनोफॅरड धरून हिशेब केला तर गेट १२ वरून मिलर पठाराच्या ५ व्होल्टपर्यंत यायला सुमारे १३० नॅनोसेकंद, पठारावर ५० मिलिअँपिअरने २३ नॅनोकूलोम काढायला ४६०, आणि पुढे थ्रेशोल्डपर्यंत आणखी ७५. एकूण ६६० च्या पुढे. ड्रायव्हर ५२० नॅनोसेकंद थांबून दुसरा मॉस्फेट चालू करणार आणि पहिला अजून बंद झालेलाच नसणार. डेड टाइम असलेला ड्रायव्हर लावूनही शूट-थ्रू होते ते असे. आम्ही २२ ओहमचे रोध लावले आणि प्रत्येकाला समांतर १एन४१४८ डायोड असा जोडला की बंद होताना प्रवाह डायोडमधून सहज निघून जावा आणि चालू होताना मात्र रोधातूनच यावा.

आयआर२१०४ च्या बाबतीत एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी, कारण ती जुन्या पी-चॅनेल सर्किटात नव्हती. वरचा एन-चॅनेल मॉस्फेट चालू ठेवायला बॅटरीपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, आणि ते बूटस्ट्रॅप कपॅसिटरमधून येते. हा कपॅसिटर खालचा मॉस्फेट चालू असतानाच भरतो. म्हणून कोणत्याही बाजूचा वरचा मॉस्फेट सतत चालू ठेवता येत नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये उलट दिशेसाठी दुसरी बाजू कायम हाय ठेवली जात होती, ती पद्धत इथे चालणार नाही. आता पुढे जाताना पहिल्या बाजूला पीडब्ल्यूएम आणि दुसरी लो, मागे जाताना दुसऱ्या बाजूला पीडब्ल्यूएम आणि पहिली लो, असे केले. डाव्या मोटारीला पिन ९ व १०, उजवीला पिन ३ व ११ दिल्या, आणि `analogWrite` ची कमाल किंमत २५५ ऐवजी २४० ठेवली. त्यामुळे पूर्ण वेगातही दर चक्राला खालचा मॉस्फेट सव्वा मायक्रोसेकंदाहून थोडा अधिक काळ चालू राहतो. ज्या ओळीने पहिली पाटी जाळली ती ओळ नव्या प्रोग्रॅममध्ये तशीच आहे, शिवाय टायमर २ साठी तिची जोडीदारही.

आता डायोडकडे वळू. डेड टाइममध्ये एका बाजूचे दोन्ही मॉस्फेट बंद असतात, पण मोटारीचा प्रवाह थांबत नाही. गुंडाळी तो चालूच ठेवते. हा प्रवाह मॉस्फेटच्या अंगच्या बॉडी डायोडमधून वाहतो, म्हणजे प्रत्येक डेड टाइम हा बॉडी डायोडच्या कामाचा काळ असतो. बाहेरून वेगळा डायोड लावणे गरजेचे आहे का, हे त्यातल्या उष्णतेवरून ठरवावे. मोटार ५ अँपिअर घेत असेल, बॉडी डायोडवर ०.८ व्होल्ट पडत असतील, आणि ३२ मायक्रोसेकंदांच्या चक्रात दोन डेड टाइम मिळून सुमारे १ मायक्रोसेकंद होत असेल, तर सरासरी उष्णता ०.१३ वॅट भरते. एवढ्यासाठी वेगळे डायोड लावण्यात अर्थ नाही. १एन४००७ तर लावूच नये: त्याच्यावरचे व्होल्टेज बॉडी डायोडपेक्षा कमी नसल्याने तो फारसा प्रवाह घेत नाही, आणि जो घेतो तो सोडायला त्याला मायक्रोसेकंदांत वेळ लागतो. त्या वेळात समोरचा मॉस्फेट चालू झाला तर डायोड अजून उलट दिशेने वाहत असतो आणि पुन्हा एक छोटा शूट-थ्रू घडतो. आयआरएफझेड४४एनचा बॉडी डायोड हेच काम साधारण ६३ नॅनोसेकंदांत उरकतो. एल२९८एन सारख्या द्विध्रुवी ट्रान्झिस्टरच्या ड्रायव्हरची गोष्ट निराळी आहे. त्यात आत डायोड नसतात, म्हणून तिथे बाहेरून वेगवान डायोड लावणे अनिवार्य असते. विद्यार्थ्यांनी वाचलेला सल्ला त्या ड्रायव्हरसाठी योग्य होता.

डेड टाइम ‘सुरक्षेसाठी’ वाढवत नेण्याचाही तोटा याच हिशेबात दिसतो. तो ५ मायक्रोसेकंद केला, तर चक्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा डायोडमध्ये जातो, उष्णता सव्वा वॅटवर पोहोचते, आणि अगदी मंद वेगाच्या आज्ञा तर डेड टाइममध्येच विरून जातात. रोबो एका किमतीपर्यंत हलत नाही आणि मग एकदम झेपावतो.

नवी पाटी मोटारीविना चाचणीत खरी उतरली: ३१ किलोहर्ट्झला चारही मॉस्फेट मिळून प्रवाह १० मिलिअँपिअरच्या आतच राहिला. मोटारी जोडून दिशा झपाट्याने बदलल्यावर मात्र नवीन गोष्ट दिसली. ब्रिजच्या पुरवठ्यावरचा १६ व्होल्टचा १०० मायक्रोफॅरड कपॅसिटर फुगला. बॅटरी उलटी जोडली जाऊ नये म्हणून त्यांनी तिच्या वाटेत एक जाड डायोड मालिकेत घातला होता, आणि त्यानेच परतीची वाट अडवली होती. दिशा बदलताना मोटारीचा प्रवाह ब्रिजमधून उलट पुरवठ्याकडे जातो. मोटारीचे इंडक्टन्स १ मिलिहेन्री आणि प्रवाह ५ अँपिअर धरला, तर १२.५ मिलिज्यूल ऊर्जा परत येते. बॅटरी ती घेऊ शकत नसेल तर १०० मायक्रोफॅरडवरचे व्होल्टेज १२ वरून २० च्या जवळ जाते. कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा असता तर ते १३ व्होल्टवर थांबले असते. पण खरी अडचण याहून मोठी आहे. तीन किलोचा रोबो सेकंदाला दीड मीटर वेगाने जात असेल तर त्याची गतिज ऊर्जा सव्वातीन ज्यूलहून अधिक भरते, म्हणजे गुंडाळीतल्या ऊर्जेच्या अडीचशे पटींहून जास्त. पीडब्ल्यूएम कमी करताच ब्रिज आणि मोटार मिळून ती ऊर्जा पुरवठ्याकडे ढकलू लागतात. तिचा काही भाग गुंडाळीच्या रोधात जातो, पण उरलेली सामावून घेण्याइतका कपॅसिटर रोबोवर बसवणे व्यवहार्य नाही. ती बॅटरीतच जायला हवी.

म्हणून तो मालिकेतला डायोड काढला आणि त्याच्या जागी उलटे जोडताच येत नाहीत असे एक्सटी६० कनेक्टर लावले. ब्रिजच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कमी ईएसआरचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक बसवला. प्रोग्रॅममध्ये वेग एकदम उलटवण्याऐवजी टप्प्याटप्प्याने शून्यावर आणून मग उलट करण्याची सोय केली. टेबलावर बॅटरीऐवजी पुरवठा यंत्र वापरून चाचणी करताना ही काळजी आणखी घ्यावी लागते, कारण अशी बहुतेक यंत्रे परत येणारा प्रवाह घेत नाहीत आणि व्होल्टेज त्यांच्या टोकांवरच चढते.

शेवटी ऑसिलोस्कोपवर एकाच बाजूचे दोन्ही गेट पाहिले. वरच्या मॉस्फेटचे गेट जमिनीच्या तुलनेत नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या सोर्सच्या तुलनेत पाहावे लागते. पण प्रोबची जमिनीची क्लिप त्या सोर्सला लावली आणि पाटी व ऑसिलोस्कोप यांची जमीन आधीच एकत्र असली, तर ब्रिजचे आउटपुट थेट शॉर्ट होते. म्हणून दोन प्रोब लावून एकातून दुसरा वजा केला. एक गेट थ्रेशोल्डखाली गेल्यावर आणि दुसरे वर चढण्याआधी सुमारे ३०० नॅनोसेकंदांची मोकळी जागा स्पष्ट दिसत होती, आणि हिशेबाने आलेल्या अंतराशी ती जुळत होती.

पुढच्या रोबोसाठी मोटारी मोठ्या असणार, तेव्हा याच पाटीवर आयआरएफ३२०५ बसवले तर चालेल का, असे दोघांनी जाताना विचारले. त्याचा रोध कमी आहे आणि पाय सारखेच आहेत, त्यामुळे तो सहज बसेल. पण त्याचा गेट चार्ज कमाल १४६ नॅनोकूलोम आहे. आयआर२१०४ च्या किमान २७० मिलिअँपिअरने तो रिकामा व्हायला ५४० नॅनोसेकंद लागू शकतात, आणि ड्रायव्हरचा डेड टाइम साधारण ५२०, किमान ४०० आहे. त्यांना सांगितले की तो मॉस्फेट हवा असेल तर ड्रायव्हरही अधिक प्रवाहाचा घ्या, आणि मोटार जोडण्याआधी तीच बल्बची चाचणी घेऊन मोटारीविना जाणारा प्रवाह मोजा.